भिजलेली पायताणं वाळवायची कशी

(शताब्दी वर्षाच्या वारीआधी दिंडीच्या बैठकीत झालेलं बोलणं, छापायला देताना थोडं नीट करून लिहिलं आहे.)



विणेकरी बाबांनी आज आम्हां दोघा भावांना उभं केलं आणि म्हणाले, दरसाल पायताणं शिवता, यंदा जरा चार शब्द बोला. आमचा हात चालतो, तोंड फार चालत नाही. त्यामुळं जे रोज करतो तेवढंच सांगतो. काही राहिलं तर ट्रकपाशी येऊन विचारा.

आमचं घर चामड्याच्या कामाचं. वडील दिंडीच्या मागच्या ट्रकाजवळ पोतं अंथरून बसायचे, आता आम्ही बसतो. आरी, रापी, दोरा, मेण, खिळे आणि सोल्यूशनचा डबा, एवढं आमचं दुकान. वडिलांच्या वेळी यायच्या त्या वहाणा. अंगठा तुटलेला, वादी झिजलेली, काटा घुसलेला. दोन टाके घातले की माणूस पुढं. आता निम्म्याहून जास्त मंडळींच्या पायात बूट असतात, चिकटवलेल्या सोलाचे. आणि ते आमच्याकडं येतात तेव्हा बोट घालता येईल एवढा सोल पुढून उघडलेला असतो. आम्ही विचारतो, काल भिजले होते का? हो. वाळवले कुठं? मग कुणी म्हणतं चुलीपाशी, कुणी म्हणतं ट्रकच्या बॉनेटवर, कुणी म्हणतं पत्र्यावर उन्हात. पावसानं बिघडलेला बूट आमच्याकडं क्वचित येतो. येतो तो वाळवताना बिघडलेला.

गेल्या एका वारीत सासवडच्या मुक्कामी जे झालं ते सांगतो, म्हणजे बाकीचं समजायला सोपं जाईल.

पुण्याहून सासवडचा टप्पा लांबचा. दिवे घाट चढताना आभाळ फाटलं आणि घाटमाथ्यापासून सासवडपर्यंत पाऊस थांबला नाही. आपल्यातले एक आबा आणि त्यांचा पुतण्या, दोघांनी निघायच्या आदल्या आठवड्यात बाजारात एकाच दुकानातून एकसारखे बूट घेतले होते. वर पातळ कातडं, आत कापडी अस्तर, खाली फोमचा जाड सोल चिकटवलेला. तंबूत पोचले तेव्हा दोघांचे बूट पिळायला आलेले. पुतण्या हुशार. त्यानं बघितलं की स्वयंपाकाची भट्टी आत्ताच विझवली आहे, विटा अजून गरम आहेत. दोन्ही बूट विटांना टेकवून ठेवले आणि गडी झोपला. आबा आमच्याकडं आले. म्हणाले, बाबांनो, माझा पाय सुजलाय, हे बूट गेले तर मी पंढरीपर्यंत कशात चालू?

पुतण्याचे बूट पहाटेपर्यंत कोरडे झाले होते, हे खरं. पण चवडा आत आखडला होता, वरचं कातडं पापडासारखं कडक झालं होतं आणि दोन्ही बुटांचा सोल पुढून सुटला होता. पाय आत जाईना. आबांचे बूट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाळले. सासवडला आपला मुक्काम दोन रात्रींचा असतो म्हणून तेवढी सवड मिळाली. ते बूट पंढरपूरला गेले आणि परत गावालाही आले.

आता भट्टीनं काय केलं ते बघू. यात तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. कातडं वेगळं, डिंक वेगळा, फोम वेगळा.

आधी कातडं. कातडं म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या बारीक तंतूंचं जाळं. कमावताना त्या तंतूंना बाभळीची साल, हिरडा किंवा आजकाल क्रोमची पावडर लावून पक्कं करतात आणि शेवटी तेल पाजतात. ते तेल तंतूंच्या मध्ये असतं म्हणून कातडं वाकतं, मुडपतं, पायाबरोबर हलतं. पाणी आत शिरलं की तंतू फुगतात. हळूहळू वाळलं तर ते होते तसे बसतात. पण बाहेरून आच लागली तर वरचा थर झटकन सुकून आकसतो आणि आतला अजून फुगलेलाच राहतो. दोघांची ओढाताण होते. कुंभार नवं मडकं आधी सावलीत का ठेवतो? उन्हात ठेवलं तर तडकतं म्हणून. तोच न्याय इथं. शिवाय पाणी घाईनं बाहेर पळतं तेव्हा सालीचा कस आणि रंग ओढून पृष्ठभागावर आणतं, म्हणून काळे डाग पडतात. तंतूंमधलं तेलही जागेवर राहत नाही. तेल सरलं की तंतू एकमेकांना चिकटतात, कातडं ताठर होतं, आणि पुढं दोन दिवस चाललं की बोटांच्या मागं जिथं बूट दुमडतो तिथं भेग पडते.

सुतारकाम करणाऱ्यांना सरस माहीत आहे. तो सरस कच्चं कातडं पाण्यात उकळून काढतात. म्हणजे पाणी आणि आच एकत्र आली की कातड्याचे तंतू ढिले होऊन विरघळतात. कमावलेलं कातडं एवढ्या सहजी विरघळत नाही, पण स्वभाव तोच. सालीनं कमावलेलं ओलं कातडं साधारण ७० ते ८० अंशांच्या आसपास आखडतं, आणि एकदा आखडलं की पुन्हा मूळ मापावर येत नाही. क्रोमचं त्याहून जास्त सोसतं. इथं ध्यानात ठेवायचं ते एवढंच, की हे ओल्या कातड्याचं आहे. कोरडं कातडं बरीच आच सोसतं. म्हणून कोरडा बूट एखादवेळी चुलीजवळ राहिला आणि काही झालं नाही, त्यावरून ओल्या बुटाचा हिशेब करू नका. पुतण्याचा तोच हिशेब चुकला होता.

आता डिंक. हे आमच्या रोजच्या हातातलं. सोल चिकटवायचा तर आम्ही काय करतो? दोन्ही बाजू घासतो, दोन्हीकडं सोल्यूशन लावतो, हाताला चिकटेनासं होईपर्यंत सुकू देतो, मग स्टोव्हच्या धगीवर जरा गरम करून दाबतो. ऊब लागली की तो सुकलेला डिंक पुन्हा मऊ होतो आणि दोन्ही बाजू एकजीव होतात. आणि जुना सोल काढायचा असेल तर? तेव्हाही गरमच करतो, आणि तो अलगद सुटतो. ज्या उबेनं सोल बसतो त्याच उबेनं सुटतो. कारखान्यातल्या बुटांचा डिंकही असाच ६०-७० अंशांच्या आसपास मऊ पडतो. भट्टीची विझलेली वीट त्याहून गरम असते, पाऊस थांबल्यावर कडक ऊन पडलं तर काळा बूटही तेवढा तापू शकतो, आणि बॉनेटचं तर विचारूच नका. डिंक मऊ झाला आणि त्याच वेळी वरचं कातडं आखडून वर ओढायला लागलं, की सोलाला धरून ठेवणारं काही उरत नाही. म्हणून तो नेहमी पुढून, चवड्यापाशी उघडतो, कारण तिथं कातडं सगळ्यात जास्त ताणून बसवलेलं असतं.

तिसरा फोम. खालचा हलका, मऊ सोल हवेच्या बारीक पोकळ्यांचा असतो. फार तापला की तो आकसतो, बूट एका मापानं लहान होतो, कधी टाच वाकडी होते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत बूट राहिले आणि नंतर पायात येईनात, असं तुमच्यातल्या कुणाचं तरी झालं असेलच. त्यावर आमच्याकडं इलाज नाही. कातडं थोडंफार ताणता येतं, आखडलेला फोम ताणता येत नाही.

उन्हाबद्दल लोक आमच्याशी वाद घालतात. म्हणतात, ऊन देवानं दिलंय, पापड उन्हात वाळतात, धोतर उन्हात वाळतं, मग बुटानं काय पाप केलं? धोतर एकपदरी आहे. बूट म्हणजे कातडं, अस्तर, पुठ्ठा, फोम, रबर आणि मध्ये डिंक. प्रत्येक थर वेगळ्या वेगानं वाळतो. उन्हात वरचा थर तापून कोरडा होतो आणि आतलं अस्तर ओलंच राहतं. तुम्ही वरून हात लावता, म्हणता वाळला, आणि घालून निघता. तासाभरात मोजा ओला, मग पायाला फोड. शिवाय उन्हाच्या किरणांनी रंग उडतो, आणि वर्षानुवर्षं तेच केलं तर कातडं आणि रबर दोन्ही जीर्ण होतात. ढगाळ दिवसाचा उजेड किंवा सकाळचं कोवळं ऊन लागलं तर काही बिघडत नाही. दुपारचं ऊन आणि तापलेला पत्रा, या दोन जागा टाळा.

घरी परत गेल्यावर शहरातली मंडळी हीटरपुढं ठेवतात, केस वाळवायचं यंत्र आत घालतात, गाडीतला गरम ब्लोअर लावतात. तेही भट्टीचेच भाऊ. गरम वारा एकाच जागेवर लागतो आणि नेमकी तीच जागा करपते. त्याच यंत्राला थंड वाऱ्याचं बटण असेल तर ते खुशाल वापरा. आमची खूण सोपी आहे. बूट ठेवायच्या जागी तळहात ठेवा. पाच मिनिटं सुखानं ठेवता आला तर बुटालाही ती ऊब चालेल. हात मागं घ्यावासा वाटला तर बूटही मागं घ्या.

मग वाळवायचं कसं? आबांच्या बुटाचं जसं केलं तसंच सांगतो. त्या रात्री कोठीवाल्या अण्णांचा वजनकाटा रिकामा होता, म्हणून आम्ही जोड तोलूनच बघितला. ओला जोड भरला १ किलो १२० ग्रॅम.

पहिलं काम चिखल. चिखल वाळला की कातड्यातली ओल आणि तेल दोन्ही ओढून घेतो, म्हणून ओला असतानाच काढायचा. बादलीत बुडवायचं नाही. आधीच एवढं पाणी प्यालेल्या बुटाला आणखी कशाला पाजायचं? ओल्या फडक्यानं पुसायचा, सोलाच्या खाचेतला काडीनं काढायचा. साबण आणि सोडा नको.

मग बूट उघडायचा. नाडी पूर्ण काढली, जीभ बाहेर ओढली, आतला सुकतळा उपसून वेगळा केला. सुकतळ्याच्या बाबतीत मंडळी हमखास आळस करतात. तो आत राहिला तर त्याच्याखाली पाणी साचून राहतं आणि तो पुठ्ठा दोन-दोन दिवस वाळत नाही. वासही तिथूनच सुटतो. सुकतळा चिकटवलेला असेल तर मात्र उपटू नका. तसाच राहू द्या आणि कागद जास्त वेळा बदला.

त्यानंतर फडकं. जुन्या धोतराचा तुकडा आत कोंबला आणि बाहेरून दुसऱ्या फडक्यानं तळव्यांनी दाबलं. पिळायचं नाही. पिळलं की टाचेचा आणि चवड्याचा आतला पुठ्ठा मोडतो, आणि तो एकदा मोडला की बुटाला आकार राहत नाही. दोन तुकडे चिंब झाले. मग रद्दी. वर्तमानपत्राचे पान चुरगाळून सैल गोळे करायचे आणि चवड्यापासून टाचेपर्यंत भरायचे. बुटाचा आकार भरेल इतके, पण ठासून नाही. ठासले तर ओलं कातडं ताणतं आणि वाराही आत जात नाही. अस्तर पांढरं असेल तर छापलेला कागद लावू नका, शाई उतरते. कोरा कागद किंवा सुती फडकं घ्या. गावाकडं लाकडाचा कोरडा भुसा असतो. तो जुन्या मोज्यात भरून गाठ मारा आणि आत सारा, कागदासारखंच काम करतो. चुलीतली राख मात्र कुणी घालू नका. राखेत खार असतो, तो ओल्या कातड्याला खातो. एका ताईंनी बूट तांदळाच्या पोत्यात ठेवले होते. तांदूळ फारसं पाणी ओढत नाहीत, आणि कोठीवाले अण्णा काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही.

कागद घालणं सगळ्यांना माहीत आहे. चुकतं ते पुढं. कागद भरतात आणि सकाळपर्यंत विसरतात. चिंब झालेला कागद पाणी ओढायचं थांबवतो आणि ओलं बोचकं होऊन आत बसतो, म्हणजे बूट वाळण्याऐवजी ओला ठेवायची सोयच. आबांच्या बुटातला पहिला कागद आम्ही २० मिनिटांत काढला तेव्हा हातात लगदा आला. दुसरा तासाभरानं. तोवर जोड ९०० ग्रॅमवर आला होता. म्हणजे आच नाही, वारा नाही, नुसत्या फडक्यानं आणि दोन वेळच्या कागदानं दीड तासात २२० ग्रॅम पाणी निघालं. तिसरा कागद झोपताना घातला.

रात्री बूट ठेवायचा कसा, तेही महत्त्वाचं. जमिनीवर सपाट ठेवला तर तळाला वारा लागत नाही आणि ओल तिथंच कोंडते. आम्ही दोन विटांवर दोन काठ्या टाकल्या आणि त्यांच्यावर बूट आडवे, कुशीवर ठेवले, तोंड वाऱ्याकडं. तंबूची कनात एका बाजूनं वीतभर वर केली. आषाढातली हवा ओली असते, त्यामुळं बंद तंबूत बूट रात्रभर तसाच राहतो. हवा हलती असेल तर ओल्या हवेतही वाळतो. शाळेत किंवा मंगल कार्यालयात मुक्काम असेल आणि पंखा मिळाला, तर पंख्यासमोर हातभर अंतरावर ठेवा. पंख्याइतका चांगला इलाज दुसरा नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उशाशी ठेवणारे बरेच आहेत, चोरीच्या भीतीनं. पिशवीत ओल बाहेर जात नाही, दोन दिवसांत हिरवी बुरशी येते. भीती वाटत असेल तर नाड्यांनी दोन्ही बूट एकमेकांना बांधून तंबूच्या दोरीला टांगा.

पहाटे जोड भरला ७९० ग्रॅम. आत हाताची पालथी बाजू चवड्यापर्यंत नेली तर थंड लागली. थंड लागणं म्हणजे अजून ओल. वरून बघितलं तर मात्र बूट वाळल्यासारखाच दिसत होता. नवा कागद घालून दिवसभर सावलीत, वाऱ्याला ठेवला. संध्याकाळी ७३० ग्रॅम. दोन तासांनी पुन्हा तोलला, ७३०. वजन घटायचं थांबलं म्हणजे पाणी संपलं. काटा नसेल तर कागद हीच खूण: रात्रभर ठेवलेला कागद कुरकुरीत निघाला की बूट वाळला.

हिशेब करून बघा. या बुटात एकूण ३९० ग्रॅम पाणी होतं. त्यातलं ३३० ग्रॅम पहिल्या रात्रीतच निघालं. उरलेल्या ६० ग्रॅमला पुरता एक दिवस लागला, कारण ते कातड्याच्या आणि पुठ्ठ्याच्या पोटात होतं. या शेवटच्या ६० ग्रॅमच्या घाईपायीच माणसं चुलीकडं जातात.

आता तुम्ही म्हणाल, सासवडला दोन रात्री मिळाल्या. जेजुरीला, वाल्ह्याला एकच रात्र असते, पहाटे उठून निघायचं असतं, तिथं काय करायचं? खरं सांगायचं तर एका रात्रीत चिंब बूट पुरता वाळत नाही. वाळवतो असं कुणी म्हणालं तर त्यानं आच लावलेली असणार. मग दोन वाटा आहेत. एक, जराशा ओलसर बुटात चालायचं, पण आत कोरडा सुकतळा आणि कोरडे मोजे घालून. सुकतळ्याचा एक जादा जोड पिशवीत ठेवा. वजन नगण्य आहे, आणि पायाला लागून तोच असतो. दुपारच्या विसाव्याला बूट आणि मोजे काढून पाय कोरडे करा. दुसरी वाट अशी, की पावसाच्या टप्प्याला रबरी चप्पल किंवा प्लास्टिकचे सँडल घाला आणि कातडी बूट पिशवीत राहू द्या. नवी रबरी चप्पल मात्र वारीतच पहिल्यांदा घालू नका, घासते.

कीर्तनाच्या वेळी आपण पायताणं मंडपाबाहेर काढतो. सर आली की दीड-दोन तास ती पावसात भिजत पडतात. बूट उलटे ठेवले तर तोंडात पाणी भरत नाही. एवढी साधी गोष्ट, पण रांगेत बघितलं तर सगळे बूट आकाशाकडं तोंड करून.

कोल्हापुरी आणि गावठी वहाणांचं थोडं वेगळं आहे. त्या वादीनं शिवलेल्या असतात, म्हणून सोल सुटायची भीती कमी. पण तळ सालीनं कमावलेल्या जाड कातड्याचा असतो आणि भिजला की फुगतो. उन्हात टाकली की त्याच्या कडा वर येऊन होडी होते. तिचा चिखल पुसा, फडक्यानं टिपा आणि आधी कडेवर उभी करून वाऱ्याला ठेवा. ओल निम्मी गेली की सपाट फळीवर ठेवून कागद घाला आणि वर हलकं वजन, एखादी वीट ठेवा, म्हणजे तळ सरळ राहतो. खरं म्हणजे कोल्हापुरी पावसाची नाहीच. आळंदीला निघताना तिला घरी ठेवलेलं बरं, पण वडिलांनी घातली म्हणून मुलगा घालतो, त्याला आम्ही काय सांगणार.

आणि तेल. जुने शेतकरी मोटेला तेल पाजायचे ते आठवत असेल. पाण्यात जाणाऱ्या कातड्यातलं तेल जातं, ते परत द्यावं लागतं. बूट किंवा वहाण जवळजवळ वाळली, पण हाताला किंचित गार लागते आहे, अशा वेळी फडक्यावर चार थेंब एरंडेल घेऊन वरच्या कातड्यावर पातळ हात फिरवा. चिंब कातड्यावर तेल आत शिरत नाही, आणि ठणठणीत कडक झाल्यावर लावलं तर भेग आधीच पडलेली असते. सोल जिथं चिकटवला आहे त्या सांध्याला तेल लागू देऊ नका. तेलानं डिंक सुटतो, आणि तेलकट जागेवर आमचं सोल्यूशनही धरत नाही. कापडी आणि रेक्झिनच्या बुटांना तेलाची गरज नाही. रेक्झिन ओळखायचं तर कापलेली कड बघा: कातड्याची कड तंतूंची, केसाळ दिसते, रेक्झिनच्या खाली विणलेलं कापड दिसतं.

पुतण्याच्या बुटाचं काय झालं ते राहिलं. आम्ही सोल पुन्हा चिकटवला, कातडं ओलं करून लाकडी साच्यावर जरा ताणलं. त्याला आम्ही सांगितलं होतं की हे फार टिकणार नाही, कारण आखडलेलं कातडं पुन्हा ओढणार. तसंच झालं. वाल्ह्याच्या अलीकडं उजवा सोल पुन्हा उघडला. पोरगं लोणंदपर्यंत आबांच्या जादा चपलेत चाललं. चप्पल दोन बोटं मोठी, टाचेला रुपयाएवढा फोड. लोणंदला नवी पायताणं घेतली, आणि भाव कळला तेव्हा आबा जे बोलले ते आम्ही ऐकलं नाही असं केलं.

यंदा आम्ही कोठीवाल्या अण्णांशी बोलून ठेवलं आहे. ट्रकच्या डाव्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, कोरड्या रद्दीचे दोन गठ्ठे आणि जुन्या धोतरांचं एक बोचकं राहील. घरात रद्दी असेल त्यांनी निघायच्या आधी आणून द्यावी, प्लास्टिकमध्ये बांधून, नाहीतर तीच भिजेल. भट्टीच्या ताईंनाही सांगितलं आहे की विटांजवळ कुणाचं पायताण दिसलं तर सरळ आमच्याकडं पाठवा. आणि ज्याचा सोल सुटला असेल त्यानं रात्रीच या. पहाटे निघायच्या घाईत लावलेलं सोल्यूशन धरत नाही.

रामकृष्ण हरी.